लंबकाचे उत्तर असे तपासावे

साध्या लंबकाचा दोलनकाल T = 2π√(L/g) या सूत्राने मिळतो. जालन्यात g सुमारे ९.८ मीटर/सेकंद² धरता येतो. दोऱ्याच्या टांगलेल्या टोकापासून गोळीच्या मध्यापर्यंतची लांबी ८० सेंटिमीटर असेल, तर सूत्रात ०.८० मीटर लिहावे. उत्तर सुमारे १.८ सेकंद येते. मीटर न करता ८० तसेच ठेवले, तर १८ सेकंद, म्हणजे बरोबर दसपट उत्तर येते.

सूत्रात वस्तुमान नाही. गोळी जड केली की तिला मागे खेचणारे बल वाढते, पण तिला हलवणेही त्याच प्रमाणात अवघड होते. वर्गमुळात m घातला, तर एकक निव्वळ सेकंद उरत नाही. चूक तिथेच पकडावी.

पडताळा सोपा आहे: लहान झोक्याची २० दोलने सुमारे ३६ सेकंदांत पूर्ण व्हावीत.