चौकात पोलीस नव्हता, तरी चलन कसं आलं? ई-चलन कसं तयार होतं आणि कुठे भरायचं?

समजा, राजारामपुरीतला एक तरुण सकाळी साडेनऊला दुचाकीवरून ताराराणी चौकात आला. सिग्नल लाल होता, पण चौकात पोलीस दिसत नव्हता. त्याने गाडी पुढे काढली आणि तो ऑफिसला पोहोचलाही. नंतर मोबाईलवर मेसेज आला: 500 रुपयांचं ई-चलन. कुणी अडवलं नाही, पावती फाडली नाही. मग हे झालं कसं?

कॅमेरा नेमकं काय पाहतो?

कोल्हापुरात सेफ सिटी प्रकल्पातून प्रमुख चौकांमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसवले आहेत. त्यांचं चित्रण पोलिसांच्या नियंत्रण कक्षात दिसतं. सिग्नल तोडणं, ट्रिपल सीट, विनाहेल्मेट असा प्रकार दिसला की त्या क्षणाचा फोटो घेतला जातो.

या फोटोत दोन गोष्टी स्पष्ट दिसाव्या लागतात. एक म्हणजे झालेला नियमभंग आणि दुसरी गाडीची नंबरप्लेट. नंबर सॉफ्टवेअर वाचतं किंवा कर्मचारी पाहून टाकतो. तो नंबर 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत शोधला की मालकाचं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर मिळतो. मग फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम जोडून चलन तयार होतं आणि मालकाला मेसेज जातो.

म्हणजे गाडी कोण चालवत होतं, हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्याला फक्त नंबर कळतो. म्हणून गाडी मित्राने नेली असली, तरी चलन मालकाच्याच नावावर येतं. गाडी विकली पण आरटीओत नाव बदललं नाही, तर नव्या मालकाची चलनंही जुन्या मालकाकडेच येत राहतात.

चलन कुठे तपासायचं?

मेसेजमधल्या लिंकवर लगेच क्लिक करू नका. ब्राउझरमध्ये mahatrafficechallan.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करा. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक भरा. हे दोन्ही नंबर आरसी बुकवर असतात. त्यानंतर त्या गाडीवरची थकीत चलनं दिसतात. चलन नंबर हाताशी असेल तर त्यावरूनही शोधता येतं.

मेसेज आला नाही म्हणजे चलन नाही, असं समजू नका. आरसीला जुना मोबाईल नंबर जोडलेला असेल, तर मेसेज त्याच नंबरवर जातो. त्यामुळे अधूनमधून गाडीचा नंबर टाकून पाहिलेलं बरं.

भरण्याआधी फोटो उघडा

चलनासोबत पुराव्याचा फोटो असतो आणि बरेच जण तो न पाहताच पैसे भरतात. वरच्या उदाहरणातल्या तरुणाने फोटो उघडला. त्यात स्कूटर होती, त्याची तर मोटरसायकल आहे. नंबर बारकाईने पाहिला तेव्हा लक्षात आलं की, स्कूटरच्या नंबरातला एक आकडा चुकीचा वाचला गेला होता. चिखल, वाकलेली प्लेट किंवा फॅन्सी अक्षरं असतील तर अशी गल्लत होते. कधी कुणीतरी दुसऱ्याच्या गाडीचा नंबर लावून फिरत असतं.

म्हणून फोटोत तीन गोष्टी जुळवा: गाडीचा प्रकार आणि रंग, नंबरमधलं प्रत्येक अक्षर, आणि तारीख-वेळ-ठिकाण. जुळत नसेल तर पैसे भरू नका. 'महाट्रॅफिक' अॅपवर तक्रार नोंदवा किंवा शहर वाहतूक शाखेत जा. चलन नंबर, आरसी आणि आपल्या गाडीचा नंबरप्लेटसह फोटो सोबत ठेवा. दुसऱ्याने आपला नंबर लावल्याचा संशय असेल, तर पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. नाहीतर चलनं येतच राहतील.

चलन बरोबर असेल तर?

त्याच संकेतस्थळावर चलन निवडून यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने पैसे भरता येतात. वाहतूक पोलिसांकडे जाऊनही भरता येतात. ऑनलाईन भरल्यावर पावती डाउनलोड करा आणि थोड्या वेळाने यादीतून ते चलन थकीत म्हणून गेलं का, हे पुन्हा पाहा. खात्यातून पैसे गेले पण चलन तसंच दिसत असेल, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक घेऊन आधी चौकशी करा.

चलन थकवलं तर लोक अदालतीची नोटीस येऊ शकते आणि प्रकरण न्यायालयातही जाऊ शकतं. सिग्नल तोडण्यासारख्या गुन्ह्याला महाराष्ट्रात पहिल्यांदा 500 रुपये दंड आहे, पुन्हा केल्यास 1500.

आणि व्हॉट्सअॅपवर चलन आलं तर?

'आरटीओ चलन' नावाची .apk फाइल आली तर ती उघडू नका. ते चलन नसून अॅप असतं. मोबाईलमध्ये घेतलं की मेसेज आणि ओटीपी चोरांच्या हाती जाऊ शकतात. खरं चलन पाहायला कुठलीही फाइल लागत नाही, गाडीचा नंबर आणि ते चार अंक पुरेसे असतात.