बऱ्या झालेल्या मैत्रिणीला लिहिताना

दीर्घ आजारातून बऱ्या झालेल्या मैत्रिणीचे अभिनंदन करताना आधी वेळ पाहावी लागते आणि मग शब्द. क्षयरोगाच्या बाबतीत हे विशेष जाणवते. औषधांना दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयावर आपल्याकडे साधारण सहा महिने उपचार चालतात. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. पण ताप आणि खोकला बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच उतरतो, अन्न अंगी लागते, चेहरा भरतो. भेटणारे लगेच म्हणतात, "झालीस की ठणठणीत!" हे अभिनंदन अवेळी केलेले असते. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मध्येच सोडणे हाच या उपचारातला मोठा धोका आहे, आणि अशा बोलण्याने त्याला नकळत बळ मिळते. म्हणून गोळ्यांचा शेवटचा दिवस उलटावा, शेवटच्या तपासण्या व्हाव्यात, मगच लिहावे.

तेव्हाही "आता कायमची सुटलीस" असे लिहू नये. उपचारानंतर दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचे असते, हे तिला ठाऊक असते. जे पूर्ण झाले त्याचेच अभिनंदन करावे.

समजा, साताऱ्यातल्या एका शाळेत दोन शिक्षिका आहेत. वर्षानुवर्षे मधल्या सुट्टीत त्या एकत्र डबा खातात. त्यांपैकी एकीचे उपचार संपले असून ती सोमवारी पुन्हा रुजू होणार आहे. दुसरीने लिहिलेला पहिला मजकूर असा: "बरी झालीस, देवाची कृपा! किती वाळली होतीस गं, बघवत नव्हतं. आम्हाला तर धडकीच भरली होती. कुठून लागलं असेल कोण जाणे. आता भरपूर खा आणि जप."

यातला जिव्हाळा खरा आहे. तरीही वाचणारी पुन्हा त्याच खाटेवर जाऊन पडते. 'बघवत नव्हतं' म्हटले की आपण इतरांना कशा दिसत होतो हे तिला आता नव्याने कळते. धडकी भरली होती ती लिहिणारीला, पण तिची समजूत काढण्याचे काम मात्र बरी झालेलीवर येते. आणि 'कुठून लागलं' या प्रश्नाला उत्तर नसते. क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात, त्यामुळे संसर्ग नेमका कधी झाला हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. प्रश्नातून उरतो तो फक्त ठपका.

आजाराचा उल्लेखच टाळणे हाही मार्ग नव्हे. क्षयाविषयी लोक आधीच आवाज खाली करून बोलतात, आणि मैत्रिणीनेही काहीच घडले नसल्यासारखे लिहिले तर ती त्याच कुजबुजीत सामील झाली असे वाटते. अर्ध्या वाक्यात उल्लेख करावा आणि पुढे जावे. मजकूर असा होऊ शकतो:

"कोर्स पूर्ण झाला, मनापासून अभिनंदन! रोज न चुकता गोळ्या घेतल्यास, याचं मला फार कौतुक आहे. सोमवारी मधल्या सुट्टीत खिडकीजवळची जागा धरून ठेवते. मेथीचे ठेपले आणते, तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी आण. सातवीच्या पोरांनी तुझी कविता अर्धी पाठ केलीय, उरलेली तुझ्याकडूनच शिकायची म्हणतात. उत्तराची घाई नाही."

इथे कौतुक नशिबाचे नाही, तिच्या नेटाचे आहे. बाकी सगळे सोमवारपासूनचे आहे आणि त्यात तिला काही करायचे आहे. चटणी मागणे तर फार बोलके ठरते. क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. तरी या आजारात माणसाचे भांडे वेगळे ठेवले जाते आणि ती आठवण खोल राहते. तिच्या हातचे मागून खाणे हे त्यावरचे उत्तर आहे, आणि आजाराचा शब्द न काढता दिलेले.

आमंत्रण मात्र बेताचे असावे. उपचार संपल्यावरही काहींना धाप लागते, लवकर थकवा येतो. आनंदाच्या भरात रविवारी अजिंक्यतारा चढायचा बेत केला, तर तिला नकार देताना पुन्हा आजाराचेच कारण सांगावे लागते. बसून गप्पा होतील, हवे तेव्हा उठता येईल, अशी भेट बरी.

हा मजकूर तिला एकटीला पाठवावा, शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. तिथे तिने कदाचित फक्त 'तब्येतीच्या कारणाने रजा' एवढेच सांगितले असेल, आणि एका उत्साही संदेशाने आजाराचे नाव चाळीस जणांना कळते. कुणाला काय सांगायचे हे तिने ठरवायचे.

न उगाळण्याचे हे पथ्य लिहिणारीसाठी आहे, बऱ्या झालेलीसाठी नाही. डबा खाताना तिने आपणहून त्या महिन्यांचा विषय काढला, तर "जाऊ दे गं, कशाला आठवतेस" म्हणून तिला थांबवू नये. ती सांगेल तेवढे ऐकावे आणि विषय तिनेच बदलू द्यावा.