प्राइड मार्चची सुरुवात

समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी व्यक्ती दरवर्षी रस्त्यावर उतरून जी पदयात्रा काढतात, तिला प्राइड मार्च म्हणतात. तिचा उगम न्यूयॉर्कच्या 1969 सालच्या ‘स्टोनवॉल’ दंगलीत झाला असे सहसा सांगितले जाते. ते खरे असले तरी त्यामागे आणखी एक निदर्शन आहे आणि प्राइड मार्चचे आजचे रूप समजायला तेच जास्त उपयोगी पडते.

1953 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या एका आदेशामुळे समलिंगी असणे हे सरकारी नोकरी जाण्याचे कारण ठरू लागले. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी यांची लष्कराच्या नकाशा विभागातली नोकरी 1957 मध्ये अशीच गेली. कॅमेनी आणि त्यांचे सहकारी 1965 पासून दर 4 जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलसमोर फलक घेऊन फेऱ्या मारत. पुरुषांना कोट-टाय आणि स्त्रियांना झगा सक्तीचा होता. आपण नोकरी देण्याजोगे सभ्य नागरिक आहोत हे लोकांना पटवून देणे हा या शिस्तीमागचा हेतू होता. काळ पाहता तो हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. उघडपणे फलक धरायलाच तेव्हा मोठे धाडस लागत होते.

28 जून 1969 च्या पहाटे न्यूयॉर्कमधील ख्रिस्तोफर स्ट्रीटवरच्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी धाड घातली. हा बार माफियांच्या हातात होता आणि त्याच्याकडे दारूचा परवाना नव्हता. अशा धाडी नेहमीच्याच असत. ओळखपत्र दाखवायचे, मान खाली घालून निघून जायचे, एवढीच गिऱ्हाइकांकडून अपेक्षा असे. त्या रात्री मात्र बाहेर काढलेले लोक घरी गेले नाहीत. गर्दी वाढत गेली आणि शेवटी पोलिसांनाच बारमध्ये आत कोंडून घ्यावे लागले. पुढे काही रात्री त्या भागात चकमकी चालू राहिल्या.

याच धामधुमीत 4 जुलै आला. फिलाडेल्फियात नेहमीप्रमाणे फेऱ्या सुरू झाल्या आणि दोन स्त्रियांनी चालता चालता एकमेकींचा हात धरला. कॅमेनींनी तो सोडवला. न्यूयॉर्कहून आलेले पुस्तकविक्रेते क्रेग रॉडवेल यांना हे मुळीच रुचले नाही. जे लपवू नका म्हणून निदर्शने करायची, तेच निदर्शनात लपवायचे? त्या नोव्हेंबरमध्ये पूर्व अमेरिकेतील समलिंगी संघटनांच्या परिषदेत रॉडवेल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ठराव मांडला: स्टोनवॉलच्या स्मरणार्थ दर जूनअखेर न्यूयॉर्कमध्ये मोर्चा निघावा आणि त्यात वयाची वा पोशाखाची कोणतीही अट नसावी. ठराव मंजूर झाला. प्राइड मार्चमधल्या रंगीबेरंगी, कुणाकुणाला भडक वाटणाऱ्या वेशभूषेचे मूळ या ठरावात आहे.

28 जून 1970 रोजी पहिला मोर्चा ग्रीनिच व्हिलेजमधून निघाला आणि सिक्स्थ अव्हेन्यूने सेंट्रल पार्ककडे गेला. निघताना काहीशे लोक होते. फुटपाथवरून दगड येतील की शिव्या, याचा कोणालाच अंदाज नव्हता. भीतीने आणि उत्साहाने पावले इतकी झपझप पडली की अपेक्षेपेक्षा बराच आधी मोर्चा मुक्कामी पोहोचला. वाटेत मात्र कडेला उभे राहून बघणारे एकेक करून आत शिरत होते. ठराव मांडणाऱ्यांपैकी फ्रेड सार्जंट यांनी दिव्याच्या खांबाच्या चौथऱ्यावर चढून मागे पाहिले, तेव्हा नजर पोहोचेल तिथवर हजारो माणसे दिसून ते थक्क झाले.

सहभागी होणाऱ्यांच्या अनुभवाचे सार इथे सापडते. आपण एकटेच असे आहोत, या समजात अनेकांचे तारुण्य गेलेले असते. मोर्चात पहिल्यांदाच आपण बहुसंख्य आहोत असे काही तास वाटते. जोडीदाराचा हात धरून भर दिवसा चालणे ही इतरांसाठी क्षुल्लक असलेली गोष्ट तिथे जमते. पण आनंदाबरोबर धाकधूकही असते. कोणी ओळखीचे भेटले तर? उद्याच्या पेपरात फोटो आला तर? घरी माहीत नसलेल्या माणसाला हे प्रश्न पार शेवटपर्यंत सोडत नाहीत.

भारतात ही धाकधूक अधिक ठळकपणे दिसली. 2 जुलै 1999 रोजी कोलकात्यात निघालेल्या पहिल्या पदयात्रेत जेमतेम पंधरा जण होते. मुंबईत 16 ऑगस्ट 2008 रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट क्रांती मैदानावरून मोर्चा निघाला. पुण्यात 2011 पासून पदयात्रा सुरू झाली. कलम 377 तेव्हा अस्तित्वात होते, त्यामुळे बरेच जण मुखवटे लावून चालत. मोर्चात यायचे तर आहे, पण चेहरा दाखवायचा नाही, अशी ती तडजोड होती. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळल्यावर पोलिसांची भीती ओसरली. घरच्यांची आणि शेजारपाजारची भीती न्यायालयाच्या अखत्यारीत येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे जोडीदाराचा वारसाहक्क, दत्तक मूल, रुग्णालयात सही करण्याचा अधिकार या मागण्या फलकांवर अजून कायम आहेत.