काका, मामा आणि हळूहळू

हळूहळू, लाललाल. एकच तुकडा जसाच्या तसा दोनदा आला की मराठी व्याकरणात त्याला पूर्णाभ्यस्त शब्द म्हणतात. ओळीला एक शब्द अशी यादी हाताशी असेल, तर असे शब्द वेचायला एवढी एक आज्ञा पुरते:

```
grep -E '^(.+)\1$' shabda.txt
```

कंसातल्या `.+` ला कुठलाही तुकडा चालतो. `\1` म्हणजे मघाशी कंसात जे सापडलं, तेच पुन्हा. ‘हळूहळू’ सापडतो, ‘अधूनमधून’ गळतो. काका, मामा, दादाही जाळ्यात येतात, कारण साच्याला अर्थ कळत नाही, फक्त अक्षरं दिसतात.

अशा साच्यांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्यांचं गणित अमेरिकेच्या स्टीफन क्लेनी यांनी मांडलं. त्यांचा लेख १९५६ साली छापून आला. साध्या साच्याने जे ओळखता येतं, ते ठरावीक अवस्था असलेलं यंत्रही ओळखतं. अशा यंत्राजवळ वही नसते. ‘मी आत्ता कुठल्या अवस्थेत आहे’, एवढंच त्याच्या लक्षात असतं. क्लेनींच्या साच्यांत `\1` नव्हतं, आणि ते अशा यंत्रात बसवताही येत नाही.

का, ते करून पाहू. समजा, दुहेरी शब्द अचूक ओळखणारं दहा अवस्थांचं यंत्र कुणी बनवलं. त्याला अकरा वेगवेगळे शब्द द्या: कब, ककब, कककब, असं अकरा क आणि एक ब इथपर्यंत. अवस्था दहाच, म्हणजे निदान दोन शब्द यंत्राला एकाच अवस्थेत नेऊन सोडणार. ते ककब आणि कककककब आहेत असं धरू. आता दोन्हींपुढे ककब जोडा. ककबककब दुहेरी आहे, कककककबककब नाही. पण आधी काय वाचलं याचा यंत्रापाशी मागमूस उरलेला नाही, त्यामुळे ते दोन्हींना एकच उत्तर देणार आणि कुठेतरी चुकणारच. अवस्था हजार केल्या तर एक हजार एक शब्द द्यायचे. यातून सुटका नाही.

वर्णमालेत फक्त क असता, तर प्रश्नच आला नसता. तिथे दुहेरी म्हणजे सम लांबीचा, आणि सम-विषम सांगायला दोन अवस्था पुरतात. अडचण येते ती दुसरं अक्षर आलं की.

`\1` ला सापडलेला तुकडा, कितीही लांब असला तरी, जपून ठेवावा लागतो. त्याची किंमतही आहे. केन थॉम्पसन यांनी १९६८ साली दिलेल्या पद्धतीने साधा साचा मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात वेळ घेऊन तपासता येतो. मागचा संदर्भ घेणाऱ्या साच्यांसाठी, ते कितीही गुंतागुंतीचे असोत, तशी वेगाची हमी देणारी पद्धत कुणालाच सापडलेली नाही. हा प्रश्न एनपी-पूर्ण आहे. म्हणूनच गूगलच्या RE2 मध्ये आणि Go भाषेच्या `regexp` मध्ये `\1` मुद्दाम ठेवलेलं नाही.