विश्लेषण : साडेनऊ लाखांत पडलेला रोखा वर्षअखेरीस ताळेबंदात किती रुपयांना दिसतो?

एका कंपनीने १ एप्रिलला १० लाख रुपये दर्शनी मूल्याचा रोखा बाजारातून ९,४३,४५८ रुपयांना घेतला. कूपन ६ टक्के, म्हणजे दरवर्षी ३१ मार्चला ६०,००० रुपये हाती. मुदत तीन वर्षे. दलाली व इतर खरेदीखर्च ५,००० रुपये. मुदतीपर्यंत रोखा ठेवून व्याज व मुद्दल वसूल करायची, एवढाच हेतू. अशा रोख्याची नोंद ‘इंड एएस १०९’ या लेखामानकानुसार परिशोधित खर्चाने होते.

दलाली कुठे जाते?

ती त्या वर्षीच्या खर्चात टाकायची नाही, तर रोख्याच्या किमतीत मिळवायची. त्यामुळे सुरुवातीची पुस्तकी किंमत ९,४८,४५८ रुपये होते. विक्रीच्या उद्देशाने घेतलेल्या रोख्यांची गोष्ट वेगळी. तिथे हाच खर्च थेट नफा-तोटा पत्रकात जातो.

प्रभावी व्याजदर म्हणजे काय?

तीन वर्षांचे कूपन आणि शेवटी मिळणारे १० लाख यांचे आजचे मूल्य ज्या दराने नेमके ९,४८,४५८ रुपये येते, तो हा दर. एक्सेलमध्ये तो असा काढता येतो :

```
=RATE(3,60000,-948458,1000000)
```

उत्तर ८ टक्के. दलाली विसरली तर हाच दर सुमारे ८.२ टक्के येतो आणि दरवर्षीचे व्याज-उत्पन्न फुगते.

वर्षअखेरीस काय दिसते?

सुरुवातीच्या किमतीवर ८ टक्के म्हणजे ७५,८७७ रुपये, हे पहिल्या वर्षाचे उत्पन्न. रोखीने आले ६०,०००. उरलेले १५,८७७ रुपये रोख्याच्या किमतीत मिळवायचे. म्हणून ३१ मार्चच्या ताळेबंदात रोखा ९,६४,३३५ रुपयांना दिसतो. दुसऱ्या वर्षी या रकमेवर ८ टक्के म्हणजे ७७,१४७ रुपये उत्पन्न आणि अखेरची किंमत ९,८१,४८२. तिसऱ्या वर्षी उत्पन्न ७८,५१८ धरले, की किंमत बरोबर १० लाखांवर पोहोचते आणि तेवढीच मुद्दल परत मिळते.

चूक कुठे होते?

काही जण ५१,५४२ रुपयांचा फरक तीन समान भागांत, वर्षाला १७,१८१ रुपये असा वाटतात. बेरीज जुळते, पण पहिल्या वर्षीचे उत्पन्न १,३०४ रुपयांनी जास्त दिसते. ओळखायची खूण सोपी आहे : वर्षाच्या उत्पन्नाला सुरुवातीच्या पुस्तकी किमतीने भागा. दर प्रत्येक वर्षी तोच आला पाहिजे. समान वाटपात तो पहिल्या वर्षी ८.१४ टक्के येतो आणि पुढे घसरत जातो.

या आकड्याची मर्यादा काय?

हा बाजारभाव नव्हे. बाजारातील व्याजदर वाढून रोख्याचा भाव पडला, तरी ९,६४,३३५ हा आकडा बदलत नाही. मात्र रोखा काढणारा पैसे बुडवण्याची शक्यता धरून अपेक्षित पतहानीची तरतूद करावी लागते आणि ती या रकमेतून वजा होते.