भरली की रिकामी?

आठ खणांची फिफो म्हणजे रांगच: आधी आलेला डेटा आधी बाहेर. राइट पॉइंटर पुढे कुठे लिहायचं ते दाखवतो, रीड पॉइंटर पुढे कुठून वाचायचं ते. खण ० ते ७. सातव्यानंतर दोघेही शून्यावर परततात. सुरुवातीला दोघे शून्यावर, म्हणजे फिफो रिकामी. पण न वाचता आठदा लिहिलं, तरी दोघे शून्यावरच! आता ती भरलेली आहे.

मला सर्वांत देखणा वाटणारा उपाय असा: खणांसाठी तीन बिट पुरतात, तरी पॉइंटरला चौथा द्यायचा. तो प्रत्येक फेरीला पालटतो. आठ लेखनांनंतर राइट `1000`, रीड `0000`.

```
empty = (wp == rp)
full  = (wp[3] != rp[3]) && (wp[2:0] == rp[2:0])
```

`full` असताना लिहिणं अडवलं नाही, तर नववा शब्द न वाचलेल्या पहिल्यावर चढतो. राइट `1001` होतो आणि `full` गुपचूप उतरतो.