पिल्लू चिरडण्याआधी गारठते

सोलापूर जिल्ह्यात १० सप्टेंबरला फळलेली डुकराची मादी साधारण ११४ दिवसांनी, म्हणजे २ जानेवारीच्या सुमारास, ऐन थंडीत विते. त्या रात्री एकाच कोठ्यात दोन भिन्न हवामानांची गरज निर्माण होते, कारण मादीला १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवते, तर नवजात पिल्लाला सुमारे ३४ अंशांची ऊब लागते. सव्वा किलोच्या या ओल्या पिल्लाच्या अंगावर केस विरळ असतात, शरीरात चरबी नाममात्र असते, आणि ग्लायकोजेन, म्हणजे यकृत व स्नायूंत साठवलेली साखर, पहिल्या दिवसातच संपत येते.

मादीच्या अंगाखाली पिल्लू चिरडले की दोष तिच्या बेफिकिरीला दिला जातो, पण हा निवाडा बहुधा अन्यायाचा असतो. गारठलेले, उपाशी पिल्लू उबेसाठी तिच्या पोटाला चिकटते आणि दीडदोनशे किलोंची मादी आडवी होऊ लागली तरी सुस्तीमुळे त्याला वेळेवर सरकता येत नाही. म्हणूनच दगावणाऱ्या पिल्लांपैकी बहुतेक पहिल्या तीन दिवसांत दगावतात. भिंतीपासून आणि जमिनीपासून प्रत्येकी २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर बसवलेला लोखंडी नळीचा कठडा पिल्लांना निसटण्यापुरती जागा देतो. मादीला वळताही येणार नाही अशा अरुंद पिंजऱ्याने चिरडणे आणखी घटते, परंतु तिचे हाल पाहता लहान गोठ्यासाठी कठडाच अधिक उचित ठरतो.

कठड्यापलीकडच्या कोपऱ्यात कोरड्या, बारीक कापलेल्या कडब्याचा थर देऊन झाकणाची पेटी ठेवावी आणि तिच्यात उष्णता देणारा दिवा सुरक्षितपणे, पिल्ले व कडबा यांपासून पुरेसा दूर, टांगावा. त्याची उंची पिल्लेच ठरवून देतात: ती एकमेकांवर रचून झोपली तर ऊब कमी पडते, दिव्यापासून दूर पांगली तर जास्त होते, आणि शेजारीशेजारी कुशीवर पसरली तर योग्य असते. वीज गेल्यास पेटीचे झाकण आणि कडबा काही काळ ऊब धरून ठेवतात.

तथापि बाहेरची ऊब चिकाची जागा घेऊ शकत नाही. डुकराच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिने गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात आणि सुमारे २४ तासांनंतर आतड्यातून रक्तात शिरू शकत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसात प्रत्येक पिल्लाच्या पोटात किमान २०० ते २५० ग्रॅम चीक जायला हवा. मादीला १२ चालू सड आणि १४ पिल्ले असतील, तर धष्टपुष्ट पिल्ले सड बळकावतात. अशा वेळी पोट भरलेल्या सहासात मोठ्या पिल्लांना खूण करून तासभर उबदार पेटीत बंद ठेवावे आणि तेवढ्या वेळात लहानांना सडांना लावावे. हा क्रम पहिल्या दिवशी दोनतीनदा करावा. मात्र मादी पोटावर झोपून सड दडवू लागली, तिने खाणे सोडले किंवा तिची कास कडक व गरम लागली, तर दूध आटत असल्याचे ओळखून पशुवैद्यकास त्याच दिवशी बोलवावे.